डॉज आणि बर्नद्वारे छायाप्रकाशाची पुनर्रचना

डॉज आणि बर्न ही छायाचित्राचा निवडक भाग उजळ किंवा गडद करण्याची पद्धत आहे. 'डॉज' म्हणजे उजळणे आणि 'बर्न' म्हणजे गडद करणे. छायाचित्रातून एखादी वस्तू काढून तिच्या जागी शेजारच्या भागाचे ठिगळ लावले, की त्या जागेचा पोत परत मिळतो. परंतु तिथला उजेडाचा चढउतार बहुधा मिळत नाही. गोल खांब त्या भागात सपाट दिसू लागतो, गालाचा उंचवटा नाहीसा होतो किंवा कापडाची चुणी मध्येच विरते. हा हरवलेला छायाप्रकाश डॉज आणि बर्न वापरून पुन्हा रंगवता येतो. प्रस्तुत लेखात या पद्धतीच्या एवढ्याच उपयोगाची माहिती दिली आहे.

## डार्करूममधील उगम

ही दोन्ही नावे रासायनिक छायाचित्रणातून आली आहेत. एनलार्जरखाली छायाचित्राची प्रत काढताना निगेटिव्हमधून आलेला प्रकाश संवेदनशील कागदावर पडतो. कागदावर जितका जास्त वेळ प्रकाश पडेल, तितका तो भाग काळा होतो. त्यामुळे एखादा भाग उजळ हवा असेल, तर तारेच्या टोकाला लावलेली पुठ्ठ्याची चकती त्या भागावर काही सेकंद धरून प्रकाश अडवला जाई. गडद करायचा भाग मात्र पुठ्ठ्यातील भोकातून किंवा हाताच्या ओंजळीतून जादा प्रकाश देऊन 'भाजला' जाई. चकती आणि हात सतत हलते ठेवावे लागत. ते स्थिर राहिले, तर कागदावर त्यांची कड उमटे. फोटोशॉपमधील या दोन साधनांची चिन्हे आजही काडीवरची चकती आणि अर्धवट मिटलेला हात अशीच आहेत.

अमेरिकी छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी 'द प्रिंट' या पुस्तकात ही पद्धत सविस्तर मांडली. त्यांच्या १९४१ सालच्या 'मूनराइझ, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको' या छायाचित्राच्या नंतरच्या प्रतींमधील जवळजवळ काळे आकाश बर्न करूनच मिळवलेले आहे. अर्थात तेथे निगेटिव्हमध्ये असलेल्याच माहितीला कमीअधिक उठाव दिला जात होता. ठिगळ लावलेल्या जागेत मात्र मूळ माहिती शिल्लकच नसते. त्यामुळे तेथील डॉज आणि बर्न हे उठाव देण्यापेक्षा चित्र रंगवण्याच्या अधिक जवळचे काम ठरते.

## छायाप्रकाश का हरवतो

छायाचित्रातील कोणत्याही पृष्ठभागाचे ढोबळमानाने दोन भाग पाडता येतात. गिलाव्याचे कण, कातडीवरची रंध्रे, कापडाची वीण हा बारीक तपशील म्हणजे पोत. पृष्ठभाग कुठे उजेडाकडे वळला आहे आणि कुठे पाठमोरा आहे, हे सांगणारा संथ, रुंद चढउतार म्हणजे छायाप्रकाश. वस्तूची गोलाई डोळ्यांना जाणवते ती प्रामुख्याने या दुसऱ्या भागामुळे.

क्लोन स्टॅम्प हे साधन एका जागेचे पिक्सेल जसेच्या तसे दुसरीकडे उमटवते. पोताबरोबर मूळ जागेचा उजेडही येतो आणि तो नव्या जागी जुळत नाही, तेव्हा डाग उठून दिसतो. ही अडचण दूर करणारा हीलिंग ब्रश फोटोशॉपच्या ७.० या आवृत्तीत २००२ साली आला. या प्रकारची साधने उगमाच्या जागेवरून पोत घेतात आणि उजेड मात्र ठिगळाच्या भोवतालच्या कडांवरून ठरवतात. याच कल्पनेची गणिती मांडणी पेरेझ, गँग्ने आणि ब्लेक यांनी २००३ मध्ये 'पॉइसन इमेज एडिटिंग' या शोधनिबंधात केली.

या गणिताच्या सर्वांत साध्या रूपाची कल्पना रबरी पडद्यावरून येते. एका चौकटीच्या कडा कुठे उंच, कुठे सखल आहेत आणि तिच्यावर पातळ रबर ताणून बसवले आहे, असे समजावे. रबर एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरळ उतरत जाईल. मध्यभागी आपोआप टेकडी उभी राहणार नाही की खड्डाही पडणार नाही. गणिताच्या भाषेत सांगायचे, तर अशा पृष्ठभागाची सर्वाधिक आणि सर्वांत कमी उंची नेहमी कडेवरच असते. ठिगळाच्या उजेडाचेही तसेच होते. काढून टाकलेल्या वस्तूच्या मागे खांबावरचा सर्वांत उजळ पट्टा असेल आणि तो डाव्या-उजव्या कडांपर्यंत पोहोचत नसेल, तर साधनाला त्याचा पत्ता लागण्याचा मार्गच नाही. साधन बिघडलेले नसते. कडांवर नसलेली गोष्ट ते आत आणू शकत नाही, एवढेच.

यामुळे ठिगळ कोठून घ्यायचे, हा पहिला प्रश्न ठरतो. उभ्या खांबावर वरून खाली गेले तर उजेड फारसा बदलत नाही. आडवे गेले तर झपाट्याने बदलतो. पोत त्याच उभ्या रेषेतून, म्हणजे समान उजेडाच्या दिशेने घेता आला, तर छायाप्रकाश आपोआप सोबत येतो आणि पुढचे बरेचसे काम वाचते. अशी जागा उपलब्ध नसेल किंवा इतकी थोडी असेल, की तेच तेच डाग पुन्हा पुन्हा दिसू लागतील, तेव्हाच डॉज आणि बर्नकडे वळावे.

## एक उदाहरण: खांबावरील फलक

चुन्याचा गिलावा केलेला एक गोल खांब व्हरांड्यात उभा आहे. उजेड डावीकडून येतो. खांबाच्या दर्शनी भागावर एक उभा फलक टांगला आहे आणि छायाचित्रात त्याची रुंदी सुमारे ६०० व उंची सुमारे १५०० पिक्सेल आहे. फलकाच्या वर आणि खाली गिलाव्याचा जेमतेम ६० पिक्सेलचा पट्टा मोकळा आहे. एवढ्याशा जागेतून संपूर्ण ठिगळाचा पोत घेणे शक्य नाही, म्हणून तो मागच्या, त्याच गिलाव्याच्या सपाट भिंतीवरून घेतला आहे.

फलक काढताना त्याची सावलीही काढावी लागते. उजेड डावीकडून असल्याने ती फलकाच्या उजव्या कडेबाहेर, खांबावर पडलेली असते. निवड फलकाच्या कडेपाशीच थांबवली, तर हीलिंगचे साधन या सावलीलाच खांबाचा खरा उजेड समजते आणि तिचा काळसर ओघळ ठिगळात आतपर्यंत पसरतो. नंतर कितीही डॉज केले तरी तो ओघळ नीट जात नाही, कारण त्याला स्वतःचा ठरावीक आकार नसतो. अशा वेळी ठिगळ रद्द करून निवड सावलीच्याही पलीकडे नेणे हाच कमी वेळेचा मार्ग असतो.

ठिगळ लागल्यानंतर रंगकामाला लागण्यापूर्वी मोजमाप करावे. फलकाच्या वरच्या मोकळ्या पट्ट्यात खांबाचा खरा छायाप्रकाश अजून शाबूत आहे. आयड्रॉपरचे 'Sample Size' हे मूल्य '31 by 31 Average' असे ठेवल्यास गिलाव्याच्या एखाद्या कणाचे नव्हे, तर त्या भागाचे सरासरी मूल्य मिळते. ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा धरून या खांबावर पुढील मूल्ये आहेत, असे समजू. ठिगळाच्या डाव्या कडेशी १८०. तेथून रुंदीच्या एक पंचमांश अंतरावर १९०. हा खांबाचा सर्वांत उजळ पट्टा. मध्यावर १५८. चार पंचमांशावर ११६. येथे पृष्ठभाग उजेडाकडून पूर्ण वळलेला आहे. उजव्या कडेशी पुन्हा १३०, कारण पलीकडच्या भिंतीवरून परतलेला उजेड तेथे पोहोचतो.

ठिगळाच्या मध्यभागी मात्र डावीकडच्या १८० पासून उजवीकडच्या १३० पर्यंत सरळ उतार तयार झालेला असतो. त्याच तीन जागी तेथे अनुक्रमे १७०, १५५ आणि १४० ही मूल्ये आढळतात. म्हणजे उजळ पट्टा २० अंकांनी कमी पडला, अंधारा पट्टा २४ अंकांनी फिका झाला आणि मध्य जवळजवळ बरोबर राहिला. खांबाची गोलाई ज्या दोन पट्ट्यांनी दिसते, नेमके तेच दोन पट्टे नाहीसे झाले आहेत. वरच्या आणि खालच्या कडांजवळ ठिगळ बरोबर दिसते, कारण तेथे खऱ्या मूल्यांचा आधार जवळ आहे. मधला भाग मात्र खांब तासून सपाट केल्यासारखा वाटतो.

## पुनर्रंगणाची कृती

ठिगळ स्वतंत्र थरावर असावे आणि डॉज-बर्नसाठी त्याच्यावर आणखी एक थर घ्यावा. फोटोशॉपमध्ये `Layer > New > Layer` येथे 'Mode' म्हणून 'Soft Light' निवडल्यावर 'Fill with Soft-Light-neutral color (50% gray)' हा पर्याय उपलब्ध होतो. या मिश्रणपद्धतीत मध्यम करड्या रंगाचा खालच्या चित्रावर काहीच परिणाम होत नाही. करड्यावर काळा रंग चढवला की खालचा भाग गडद होतो आणि पांढरा चढवला की उजळतो. चूक झाली, तर तेथे पुन्हा करडा रंग भरला की सर्व पूर्ववत होते. गिंपमध्येही सॉफ्ट लाइट पद्धतीचा थर असतो. दोन्ही आज्ञावल्यांची सूत्रे तंतोतंत सारखी नसल्याने त्याचा परिणाम थोडा वेगळा येतो.

ब्रश पूर्ण मऊ कडेचा आणि मोठा घ्यावा. ६०० पिक्सेल रुंदीच्या ठिगळासाठी २५० पिक्सेलचा ब्रश फार मोठा वाटतो खरा, परंतु संथ चढउतार रंगवायचा तर तोच योग्य. छोट्या ब्रशने रंगवलेला उजेड पट्ट्यापट्ट्यांचा आणि डागाळ दिसतो. या कामातील ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. अपारदर्शकता ५ टक्के ठेवून प्रत्येक फटका वेगळा द्यावा; म्हणजे परिणाम हळूहळू साचत जातो.

किती फटके लागतील याचा अंदाज फोटोशॉपच्या सॉफ्ट लाइट सूत्रावरून बांधता येतो. अंधाऱ्या पट्ट्यात १४० वरून ११६ वर येण्यासाठी ५ टक्क्यांचे सुमारे ९ काळे फटके लागतात. उजळ पट्ट्यात १७० वरून १९० वर जाण्यासाठी सुमारे १४ पांढरे फटके लागतात. अंतर कमी असूनही फटके जास्त लागतात, कारण ही पद्धत पांढऱ्याजवळच्या भागांना जपून हाताळते. मध्यभागी एक-दोन फटके पुरतात आणि बहुधा दोन्ही बाजूंच्या मऊ कडांमधूनच तेवढा रंग तेथे पोहोचलेला असतो. हे आकडे पाळण्याचा नियम नाहीत. २-३ फटक्यांनंतर काम संपल्यासारखे वाटते, ते फसवे असते, एवढे त्यांवरून कळावे.

आधी अंधारा पट्टा रंगवावा आणि मग उजळ. गडद भाग जागेवर आला, की शेजारचा उजेड डोळ्यांना आपोआप थोडा वाढलेला दिसतो आणि डॉजचा अतिरेक टळतो. फटके उभ्या दिशेने, खांबाच्या लांबीबरोबर द्यावेत. वरच्या आणि खालच्या कडांकडे जाताना शेवटच्या १५० ते २०० पिक्सेलमध्ये ते विरत न्यावेत, कारण तेथील मूल्ये मुळातच बरोबर असतात. मधल्या भागाइतकेच फटके तेथे दिले, तर कडेवर नवीन आडवी रेघ उमटते आणि फलकाचा आकार भुतासारखा परत दिसू लागतो.

उजव्या कडेजवळचा परावर्तित उजेड बहुतेक वेळा दुर्लक्षिला जातो. अंधारा पट्टा खांबाच्या कडेपर्यंत तसाच ओढत नेला, तर खांब गोल न दिसता कडेला दुमडल्यासारखा दिसतो. बर्नचे फटके चार पंचमांशाच्या जागेवर केंद्रित करून पुढे कमी करत नेले, की १३० हे मूल्य आपोआप टिकते. खालच्या मोकळ्या पट्ट्यातही मोजमाप घ्यावे. फरशीवरून वर येणाऱ्या उजेडामुळे तेथे अंधारा पट्टा ११६ ऐवजी, उदाहरणार्थ, १२२ असेल, तर खाली उतरताना काळे फटकेही त्या प्रमाणात कमी करावे लागतात.

करड्या थराऐवजी दोन 'Curves' थर, एक उजळ आणि एक गडद, घेऊन त्यांच्या काळ्या मास्कवर पांढऱ्या रंगाने रंगवण्याची रीतही रूढ आहे. तिची तीव्रता नंतर एकाच ठिकाणी बदलता येते, म्हणून मोठ्या कामात ती अधिक सोयीची. थेट पिक्सेलवर चालणारी डॉज आणि बर्नची मूळ साधनेही वापरता येतात. मात्र ती ठिगळाच्या थराच्या प्रतीवरच चालवावीत, कारण त्यांचा फटका नंतर वेगळा काढता येत नाही.

## रंग आणि पोत

फक्त उजेड बदलून काम नेहमी भागत नाही. सावलीतील गिलावा हा उजेडातील गिलाव्याचा नुसता गडद रंग नसतो. मोकळ्या आकाशाखालची सावली निळसर असते, तर तांबड्या फरशीवरून परतलेला उजेड तांबूस. बर्न केलेला भाग मात्र स्वतःचाच रंग अधिक गडद आणि गडद करता करता अधिक भडक करतो. कातडीवर हे लगेच कळते: बर्न केलेली जागा विटकरी होते आणि डॉज केलेली जागा खडू फासल्यासारखी पांढुरकी. 'Curves' थराची मिश्रणपद्धत 'Luminosity' ठेवल्यास रंगाचा हा बदल बराच आटोक्यात राहतो. तरी रंग जुळत नसेल, तर 'Color' पद्धतीचा आणखी एक थर घेऊन त्यावर शेजारच्या खऱ्या सावलीतून उचललेला रंग अगदी पातळ फिरवावा.

पोताची अडचण याहून चिवट असते. उजेड तिरपा पडतो तेथे गिलाव्याचा प्रत्येक कण स्वतःची सावली पाडतो आणि पृष्ठभाग खरखरीत दिसतो. समोरून उजेड पडणाऱ्या भागात तोच गिलावा गुळगुळीत वाटतो. खांबावर उजेड आणि अंधार यांच्या सीमेपाशी ही खरखर सर्वाधिक असते. सपाट भिंतीवरून घेतलेल्या ठिगळात ती नसते आणि बर्न केल्याने निर्माणही होत नाही. त्यामुळे मूल्ये जुळूनही तो पट्टा धुरकट वाटू शकतो. यावर उपाय म्हणजे अंधाऱ्या पट्ट्यासाठी पोत शक्यतो तिरप्या उजेडातील जागेतून निराळा घेणे.

## दोष ओळखण्याच्या खुणा

जवळून, मोठे करून रंगवत असताना डोळे त्या चढउताराला सरावतात. म्हणून चित्र अंगठ्याच्या नखाएवढे लहान करून पाहावे. गोलाई चुकली असेल, तर ती तेथे लगेच कळते. चित्र आडवे उलटवल्यानेही डोळ्यांची सवय मोडते. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे चित्राच्या एका प्रतीवर ३० पिक्सेलच्या आसपास 'Gaussian Blur' लावणे. पोत पुसला जाऊन केवळ छायाप्रकाश उरतो आणि ठिगळाचा चौकोन शिल्लक असेल, तर तो धुक्यातल्या खिडकीसारखा दिसतो. तीव्र चढउतारांचा तात्पुरता 'Curves' थर वर ठेवल्यासही कडा उघड्या पडतात. तपासणी झाल्यावर तो थर काढून टाकावा लागतो. तो तसाच राहून चित्र पुढे पाठवले गेल्याचे प्रकार विरळ नाहीत.

## मर्यादा

सॉफ्ट लाइट पद्धतीत पूर्ण काळा पिक्सेल काळाच राहतो आणि पूर्ण पांढरा पांढराच. फ्लॅशमुळे पांढरे फटक पडलेल्या भागातून ठिगळ घेतले असेल, तर त्यावर कितीही बर्न केले तरी पोत निर्माण होत नाही. उलट अंधाऱ्या भागातून घेतलेले ठिगळ डॉज केले, की त्यातील कॅमेऱ्याचे रंगीत कण वर येतात. जेपीईजी चित्रात त्यांबरोबर संकोचनाचे चौकोनही दिसू लागतात. ८ बिटांच्या चित्रात मोठ्या, गुळगुळीत उतारावर पायऱ्या पडू शकतात; यासाठी काम १६ बिटांत करणे आणि शेवटी मूळ चित्राइतकेच कण मिसळणे उपयोगी पडते.

वस्तूमागे खरोखर काय होते याचा पुरावा कडांवरही नसेल, तर रंगवलेला छायाप्रकाश हा केवळ तर्क असतो. खांबाच्या बाबतीत हा तर्क भक्कम आहे, कारण खांब वरपासून खालपर्यंत गोल असल्याचे दिसते. एखाद्या व्यक्तीच्या चेहऱ्यावरून चष्मा किंवा हात काढल्यास मात्र रंगवणारा डोळ्याभोवतीची खोली आणि गालाचे हाड स्वतःच्या कल्पनेने घडवत असतो. चित्र गुळगुळीत होईल, पण ते त्या व्यक्तीसारखे असेलच असे नाही. कुटुंबातील जुन्या छायाचित्रांच्या बाबतीत याला विशेष महत्त्व आहे, कारण पुढच्या पिढीपुढे बहुधा तीच एक प्रत उरते. मूळ स्कॅन आणि ठिगळाचे थर वेगळे जपून ठेवल्यास कोणता भाग खरा आणि कोणता रंगवलेला, हे नंतरही पाहता येते.

वृत्तछायाचित्रणात मर्यादित डॉज आणि बर्न परंपरेने मान्य असले, तरी वस्तू काढून टाकणे मान्य नाही. त्यामुळे ही संपूर्ण कृतीच तेथे वर्ज्य ठरते. २००६ मध्ये रॉयटर्सने बैरूतमधील धुराचे एक छायाचित्र मागे घेतले. त्यात क्लोन करून वाढवलेल्या धुराचे सारखेच लोट पुन्हा पुन्हा आलेले होते आणि ते वाचकांच्याही लक्षात आले होते. २०१४ मध्ये असोसिएटेड प्रेसने एका मुक्त छायाचित्रकाराशी संबंध तोडले. सीरियातील एका छायाचित्राच्या कोपऱ्यात दिसणारा दुसऱ्या पत्रकाराचा व्हिडिओ कॅमेरा त्याने पुसून तेथे जमिनीचे ठिगळ लावले होते. पहिल्या प्रकरणात ठिगळाचा पोतच फितूर झाला. दुसऱ्या प्रकरणातील वस्तू बातमीच्या दृष्टीने किरकोळ होती, तरीही निर्णय तोच राहिला.